होती नव्हे, हाय

त्या पत्रातून किशोरला बरंच काही मिळणार होतं, मित्रांनो. शाळा पालकांची तीन पत्रं निवडणार होती आणि ती स्नेहसंमेलनात स्टेजवरून वाचली जाणार होती. म्हणजे माईक मिळणार, पुढच्या रांगेतली खुर्ची मिळणार. सोसायट्यांमधून गाडीने येणारे पालक आठ महिने त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवत होते, ते आता 'किशोरजी' म्हणणार. आणि त्याने द्यायचं काय, तर एका पानावर आजचा दिवस, जसा आहे तसा. किशोरला सौदा स्वस्त वाटला.

ते पान म्हणजे मी. मी एक आखीव कागद आहे, आता घडीवर थोडा विरलेला. माझा जन्म भाडेकरूंच्या वहीत गेला. कासार आंबोलीला किशोरच्या घरामागे दोन खोल्या आहेत. तिथे पिरंगुटच्या कंपन्यांत कामाला येणारी मुलं राहतात. आमच्या वहीत चारच रकाने होते: नाव, गाव, आल्याची तारीख, गेल्याची तारीख. माझ्या आधीच्या पानांवर माणसं आली नि गेली. मी शेवटचं कोरं पान. माणूस दिसला की तो कधी आला आणि कधी जाणार एवढंच पाहायची खोड मला तिथेच लागली.

शाळेची सूचना आली, ती मोठी शहाणी होती. मुलाने अठराव्या वाढदिवसाला उघडायचं पत्र लिहा. वर तारीख घाला. साध्या बॉलपेनने लिहा, शाईच्या पेनने नको, मुळशीच्या पावसात ओल धरली की शाई पसरते. टाचणी लावू नका, ती गंजते. चिकटपट्टी नको, ती पिवळी पडते. उपदेश कमी करा, आज घरात काय शिजलं, मूल कशाला घाबरतं, कोण कोणावर रागावलं ते लिहा. 'जे आवडणार नाही तेही लिहा,' असं वर्गशिक्षिका मृण्मयी मॅडमनी खाली स्वतःच्या हाताने जोडलं होतं. त्या ओळीवरून किशोरची नजर फार भरभर गेली.

रविवारी सकाळी त्याने मला वहीतून फाडलं आणि कच्चं लिखाण माझ्यावर सुरू केलं. घरच्यांनी मजा केली. गौतमीने, म्हणजे त्याच्या बायकोने, लेकीला, सृष्टीला, दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं. एकशे चौदा सेंटिमीटर. वरचे दोन दात पडलेले. रंभाबाई, किशोरची आई, चुलीपाशी बसून सांगत होत्या.

"लिही, पोरगी दोडक्याची भाजी बशीखाली लपिवती."

"आजे, ते नको ना सांगू!"

"का गं? खरं लिवायचंय म्हनं. आन् ह्ये बी लिही, तुजा बाप लहानपनी बोकडाला भिऊन माळ्यावर चढला हुता."

"आये, ते माझं न्हाई, तिचं पत्र हाय," किशोर म्हणाला. सगळे हसले. माझ्या अंगावर बोकडही आला.

मग सगळे उठून गेले आणि किशोर एकटा राहिला. त्याचं पेन थांबलं. पुढची ओळ त्याने इतकी दाबून लिहिली, की ती माझ्या पाठीवरही उमटली:

'जून महिन्यात शाळेच्या गेटवर मी मॅडमना सांगितलं, की तुझी आजी आमच्याकडे कामाला असते.'

काय झालं होतं ते सांगतो. किशोर आणि गौतमी दोघंही कंपनीत जातात, म्हणून सृष्टीला आणायला रोज रंभाबाईच जाणार होत्या. शाळेत त्यासाठी कार्ड लागतं. त्यावर न्यायला येणाऱ्याचा फोटो, नाव आणि मुलाशी नातं. पहिल्या दिवशी रांगेत उभं असताना रंभाबाई मॅडमना प्रेमाने म्हणाल्या, "पोरगी लई गुनाची हाय बगा. हितं रडायची न्हाई." मागे कुणीतरी खुदकन हसलं. हसणं आईवर होतं की दुसऱ्याच कशावर, ते किशोरने पाहिलंसुद्धा नाही. त्याचे कान तापले. मॅडमनी विचारलं, "ह्या कोण?" आणि तो म्हणाला, "ह्या... घरी कामाला असतात." कार्ड छापून आलं: रंभाबाई, मदतनीस.

आईला ऐकू गेलं नसेल, असा त्याचा हिशोब होता. आईला वाचता येत नाही, असाही. दोन्ही हिशोब कच्चे होते. रंभाबाई चौथी पास होत्या. अक्षर लावत लावत का होईना, वाचायच्या. ते कार्ड आठ महिने रोज त्यांच्या गळ्यात होतं.

किशोरने ती ओळ खोडली. पण मित्रांनो, बॉलपेनने दाबून लिहिलेलं खोडून जात नाही. उलट रेघांमुळे तिकडेच नजर जाते.

मग त्याने पांढराशुभ्र जाड कागद घेतला आणि पक्कं पत्र लिहिलं. त्यात दोडका नव्हता, बोकड नव्हता. त्यात असं होतं: 'बाळा, तुझी आजी अतिशय प्रेमळ होती. तिच्या मायेच्या सावलीत तू वाढलीस.' होती! पत्र बारा वर्षांनी उघडणार, आई आज अडुसष्ट वर्षांची, तोपर्यंत कोण कशाला राहतंय, असा त्याने विचार केला. शिवाय एका 'होती'त दोन कामं झाली. आजी गेलेली असली की तिला शाळेत आणून दाखवायला नको. माझ्या वहीत मी पुष्कळ नावांपुढे गेल्याची तारीख पडलेली पाहिली होती. पण माणूस घरात भाकरी थापत असताना ती भरलेली पहिल्यांदाच पाहिली.

पत्र निवडलं गेलं. किशोर आईला म्हणाला, "आये, तू घरीच थांब. लई गर्दी असती तितं." रंभाबाई "बरं" म्हणाल्या. पण सृष्टीने भोकाड पसरलं. तिचा नाच होता, तिला ससा व्हायचं होतं, आणि सशाचे कान आजीनेच शिवले होते. शेवटी सगळे गेले.

मी किशोरच्या खिशात होतो. ती खोडलेली ओळ घरात कुणी वाचू नये म्हणून त्याने कच्चा कागद जवळ ठेवला होता. त्याची छाती माझ्यावर धडधडत होती. तो छान वाचत होता. 'प्रेमळ होती' आलं तेव्हा त्याने आवाज जरा ओलाही केला. वाचून झाल्यावर मृण्मयी मॅडम बाजूच्या माईकवर हळूच म्हणाल्या, "किशोरजी, आजी केव्हा गेल्या?"

किशोरजी! मिळायचं ते मिळालं होतं.

तेवढ्यात पडद्याशेजारून एक ससा ओरडला, "आजी गेली न्हाई! आजी हाय! ही काय, हितं बसलिया!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मागच्या रांगेत रंभाबाई बसल्या होत्या, गळ्यात कार्ड. मॅडम गोंधळल्या. "पण मावशी, तुम्ही तर..."

आता किशोरने एवढंच म्हणायचं होतं, की ही माझी आई. तीन शब्द. माईक हातात होता. मी खिशात वाट पाहिली. त्याने माईक खाली केला.

रंभाबाई उठल्या. पोराकडे एकदा पाहिलं. मग हसून म्हणाल्या, "मी कामालाच हाय त्यांच्यात, बाई. पोरगी लाडानं आजी म्हनती मला." त्या स्टेजपाशी गेल्या आणि सशाच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. सृष्टी काहीतरी बोलणार होती, ते त्या हाताच्या आतच राहिलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कामवाल्या बाईला किती जीव लावतात हो हे लोक, असंही कुणी म्हणालं. त्या टाळ्या किशोरच्या छातीतून माझ्यापर्यंत आल्या, तेव्हा त्यात टाळ्यांसारखं काही उरलं नव्हतं.

घरी आल्यावर तो उंबऱ्यावरच बसला. "आये, तुला ठावं हुतं?"

"कार्ड गळ्यात हाय माज्या. माज्याच गळ्यातलं मला वाचता यायचं न्हाई व्हय?"

"मंग बोलली का न्हाईस?"

"तू बोलायचं हुतंस. मी कशापायी बोलू?" मग त्या म्हणाल्या, "मारलीस ती मारलीस. पर जित्या मान्साला होती म्हनत्यात व्हय रं? होती न्हाई. हाय लिही."

किशोरने मला काढलं, उलटं केलं आणि पाठीवर लिहायला घेतलं. खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. स्टेजवर जे झालं, तेही लिहिलं. 'आज नऊ फेब्रुवारी दोन हजार पंचवीस. आजी आहे,' असं लिहून त्याने आईला दाखवलं. रंभाबाईंनी बोट ठेवून अक्षर लावलं आणि मान हलवली. "आसं कुनी बोलतं का आपल्यात?" त्याने 'आहे' खोडलं आणि 'हाय' लिहिलं.

तो पांढरं पत्र फाडायला निघाला, तर त्यांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. खोटं बी आजचंच हाय. दोनी घाल."

म्हणून आम्ही दोघं एकाच पाकिटात जाणार होतो. पण किशोरने पाकीट तीन दिवस उघडंच ठेवलं. त्याला आणखी एक ओळ लिहायची होती. 'सोमवारी शाळेत अर्ज देऊन कार्डावरचं नातं बदलून घेतलं,' ही ती ओळ. सोमवारी वेळ मिळाला नाही. मंगळवारी साहेबांनी सुट्टी दिली नाही. बुधवारी रंभाबाई सृष्टीला घेऊन आल्या, हातपाय धुतले आणि सहज म्हणाल्या, "पोरगी लई हुशार झाली, किशा. आज गेटवर मला म्हनली, मावशी, चला."

त्यांनी ते हसत सांगितलं. हसणं पुरं झालं नाही.

किशोरने ज्या ओळीसाठी जागा ठेवली होती, तिथे ही 'मावशी, चला' लिहिली. मग डिंक लावला. कणकेची खळ नको, तिला कसर लागते, हे त्याला सूचनेतून पाठ होतं. जोडावर सही केली. वर लिहिलं: सृष्टीने उघडायचं, अकरा ऑगस्ट दोन हजार छत्तीस. पाकीट कडुनिंबाचा वाळका पाला घालून पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि डबा चुलीवरच्या फळीवर, जिथे पावसाळ्यातही कोरडं असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं नाही, त्यात कागद घामेजतो. दसऱ्यानंतर डबा उघडून पाकिटाला सावलीत वारा द्यायचा, हेही ठरलं. कागदाची काळजी कशी घ्यावी, यात किशोर कुठे चुकला नाही.

मित्रांनो, मी कागद आहे, मला बारा वर्षं थांबता येतं. तुम्हीही कधी असं पत्र लिहाल. जरूर लिहा, बॉलपेनने लिहा, तारीख घाला. पण जे आज तोंडाने सांगता येईल, ते माझ्या अंगावर लिहून पुढे ढकलू नका. मी ते जपून ठेवीन, नीट करू शकणार नाही. माझ्या शेजारी झोपलेल्या त्या पांढऱ्या कागदाचीही मला कधीकधी कीव येते. त्याचा काय दोष? त्याच्यावर लिहिलं ते त्याने धरलं.

जुन्या सवयीने मी अंधारात रकाने भरतो. नाव, रंभाबाई. गाव, कासार आंबोली. आल्याची तारीख, लग्न होऊन आल्या ती. गेल्याची तारीख कोरी, कारण त्या हायेत. खाली चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज येतो.

किशोरला मिळालं: एक माईक, एक खुर्ची, एक 'किशोरजी'. त्यासाठी गेला एकच शब्द, 'आजी', तोही फक्त गेटपुरता. तो दिला रंभाबाईंनी. आणि रोज दुपारी अडीच वाजता, शाळा सुटली की, तो गिळते सृष्टी, साडेसहा वर्षांची, जिला या पत्रातलं अजून काहीच वाचायची परवानगी नाही.