कणकेचा गोळा

तासिका तत्त्वावर का होईना, गावाजवळच्या कॉलेजात गणित शिकवायला मिळावं, एवढीच शिवप्रियाची इच्छा. त्यासाठी आज वर्गावर शिकवून दाखवायचं होतं. मागच्या बाकावर विभागप्रमुख हणमंतप्पा सर हाताची घडी घालून बसले होते. विषय लंबगोलाचं घनफळ. तिनं आईकडून, महानंदाकडून, पहाटेच कणकेचा गोळा मळून घेतला होता. फळ्यापेक्षा डोळ्यांना लवकर पटतं, हा तिचा हट्ट!

"एक एकक त्रिज्येचा गोल. घनफळ चार-तृतीयांश पाय. तो लांबीत a पट, रुंदीत b पट, उंचीत c पट ताणला, की लंबगोल. तीन अर्धअक्ष a, b, c. घनफळ चार-तृतीयांश पाय गुणिले abc." असं म्हणत तिनं तळहातांमध्ये गोळा वळून लांबट केला.

पहिल्या बाकावरची राजनंदिनी उठली. "मॅडम, कणिक तर तेवढीच हाय की. घनफळ वाढलं कुठं?"

वर्ग खदखदून हसला. शिवप्रिया हातातल्या कणकेकडे बघू लागली. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा! घरी दहादा सराव केला, पण कणिक वाढत नसते हे साधं डोक्यात आलं नव्हतं.

तिनं कणिक टेबलावर ठेवली आणि खडू उचलला. फळ्यावर गोल काढून त्यात बारीक बारीक घन ठोकळे काढले. "प्रत्येक ठोकळा लांबीत a पट, रुंदीत b पट, उंचीत c पट झाला, तर त्याचं घनफळ abc पट. सगळे ठोकळे तितकेच पट, म्हणून बेरीजही abc पट."

"कडेला ठोकळे बसत न्हाईत," राजनंदिनी काही सोडेना.

"ठोकळे जितके बारीक, तितकी उरलेली फट लहान. आणि ती फटसुद्धा abc पटच होते. म्हणून शेवटी काहीच उरत नाही."

बोलता बोलता तिची नजर टेबलाकडे गेली आणि तिला एकदम हसूच आलं. अगं बाई, कणिक तर आपल्याच बाजूनं बोलतेय!

"कणकेची लांबी चौपट झाली, पण रुंदी निम्मी झाली आणि उंचीही निम्मी. चार गुणिले अर्धा गुणिले अर्धा?"

"एक," राजनंदिनी म्हणाली. मग हळूच, "म्हंजी घनफळ तेवढंच. सूत्र बरोबर हाय."

मागून सरांचा आवाज आला. "माझीच शंका पोरीनं विचारली. सोमवारपासून या."

बसस्टँडवरून तिनं आईला फोन लावला.

"मिळालं का गं? का कणिक बिघडली?"

"मिळालं, आई. कणकेनं आधी लाज काढली, मग तिनंच राखली."

"मग ती टाकू नगंस. घेऊन ये. रातच्याला तिच्याच चपात्या करू."