बेचाळीस भांड्यांचा स्वयंपाक

कुंभकोणच्या मुन्सिफ कोर्टाबाहेर, चिंचेखाली माझं टेबल. अर्ज लिहून देणं हा धंदा. वादी येवो, प्रतिवादी येवो, शाई तीच. त्यामुळे १९१२ साली एकाच नवराबायकोचे कागद दोन्हीकडून माझ्या हातून गेले, आणि त्यात मी जे करून ठेवलं ते आता कबूल करायला हरकत नाही.

कल्याणराम स्टेशनच्या मालगुदामात कारकून होता, तीस रुपये पगार. बायको अंबाबाई. तिला त्यानं घराबाहेर काढलं, तिनं दावा लावला, कोर्टानं महिना दहा रुपये पोटगीचा हुकूमनामा दिला. आठ महिने झाले, दमडी नाही. ती चोळपुरम् रस्त्याला भावाकडे राहायची. भाऊ सेतुराम भला, पण त्याच्या बायकोनं सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत, पुढे नाही. अंबाबाईला कॉलेजच्या पोरांसाठी खाणावळ काढायची होती. चूल मांडायला कॉलेज आणि स्टेशनच्या मधे एक खोली बघून ठेवली होती. भांडी नव्हती.

पहिला अर्ज मीच लिहिला, पगारावर जप्ती. रेल्वेच्या नोकराचा पगार वीसच्या वर आणि चाळीसपर्यंत असेल तर वीस रुपयांना हात लागत नाही, वरचे सापडतात. तीसमधले दहा सापडले. पगार वाटणाऱ्या साहेबाला कोर्टाचा हुकूम गेला की दरमहा दहा कापून कोर्टात पाठवा. अंबाबाईनं मला दोन केळी दिली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या आठवड्यात कल्याणराम टेबलासमोर.

"अप्पाजी, पगार वीस असला तर?"

"मग काही सापडत नाही."

"मग लिहा. साहेबाला. मला वीसच्या जागेवर उतरवा म्हणून."

मी त्याला समजावलं की बायकोचे दहा वाचवायला तुझेच दहा जातात. तो म्हणाला, जाऊ देत, तिला मिळाले नाहीत म्हणजे झालं. एवढ्या समजुतीच्या माणसाला मी कशाला अडवू? दुप्पट पैसे घेऊन इंग्रजीत झकास अर्ज लिहिला: "हुजूर, माझी लायकी माझ्या पगाराहून कमी आहे." गोरा साहेब म्हणे तीनदा वाचून खुर्चीतून पडायचा राहिला. अशी अर्जी त्याच्या उभ्या नोकरीत आली नव्हती. मंजूर झाली. कल्याणराम वीस रुपयांवर वजनकाट्याशी उभा राहिला, आणि पूर्वी ज्या हमालांना शिव्या द्यायचा तेच त्याला काटा नीट बघ म्हणून सांगू लागले.

आता राहिली मालमत्ता. कल्याणरामचा बाप लग्नाकार्याला पितळी भांडी भाड्यानं द्यायचा. बेचाळीस भांडी, सगळी कुंभकोणची जड पितळ, पोराकडे पडून होती. अंबाबाईच्या अर्जावर त्यांच्या जप्तीचं वॉरंट निघालं. आणि इथे माझी जीभ चळली. कल्याणरामनं विचारलं, भांडी वाचवायची काही वाट? मी गंमतीत म्हणालो, गरजेची स्वयंपाकाची भांडी कायद्यानं जप्त होत नाहीत. रोज बेचाळीस भांड्यांत स्वयंपाक करत असशील तर सुटशील.

त्यानं ते मनावर घेतलं.

जप्ती करणारा कोर्टाचा अमीन मणी भांडी उचलायला गेला तर घरात, अंगणात, ओट्यावर चुली. बेचाळीस. एका हंड्यात मूठभर भात, पंचवीस शेरांच्या कढईत एक वांगं, मोठ्या घंगाळात रसम्, तेही बुडाला चिकटेल एवढंच. धुरात त्याची आई मीनाक्षीबाई डोळे पुसत पळी घेऊन एकीकडून दुसरीकडे पळत होती. मणीनं विचारलं, जेवायला किती माणसं? कल्याणराम म्हणाला, दोन, पण आम्हाला प्रकार लागतात. मणीला पळीभर रसम् मिळालं, त्यानं रिपोर्ट लिहिला: सर्व भांडी वापरात.

अख्खं गाव हसलं. मीही हसलो. मग अंबाबाई आली. ती हसली नाही. तिनं फक्त विचारलं की दिवाळीला अडीच महिने आहेत, आता काय? आणि ही भांड्यांची युक्ती त्याला कुणी सांगितली असेल, असंही विचारलं. मी शाईची दौत पुसत बसलो.

राहिली अटक. तेही तिला सांगितलं: पैसे बुडवणाऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता येतं, पन्नासच्या वरची बाकी असेल तर सहा महिन्यांपर्यंत. पण त्याच्या जेवणाचा भत्ता अर्जदारानं भरायचा, महिन्याचा आगाऊ. रोजचे चार आणे.

"म्हणजे मी मागते पोटगी, आणि पोसायचं मीच त्याला?"

"कायदा तसा आहे, अक्का."

"कायदा कुणा नवऱ्यानं केलाय का?"

पण मी खालच्या आवाजात तिला पुढचंही सांगितलं, आणि तिनं अप्पळम्, म्हणजे उडदाचे पापड, विकून साठवलेल्या पैशांतून साडेसात रुपये मोजले. बांगडी विकल्यासारखे मोजले. तेवढेच होते तिच्याकडे.

कल्याणराम तुरुंगात हसत गेला. वजनकाट्याची रजा, बायकोच्या पैशानं भात, सांबार, ताक. त्यानं निरोप पाठवला की ताक जरा आंबट असतं, अंबेला सांगा. पहिल्या आठवड्यात त्यानं अंगही धरलं.

त्या आठवड्यात मी तिचा नवा अर्ज लिहिला. ऋणको तुरुंगात आहे, त्याचं जेवण तुरुंगात शिजतं, घरी एक म्हातारी; बेचाळीस भांडी कुणाच्या गरजेची? मुन्सिफांनी मणीला पुन्हा पाठवलं. दार मीनाक्षीबाईनंच उघडलं. चुली थंड, हंड्यांत कोळी. म्हातारी म्हणाली, न्या रे बाबांनो, घासून घासून माझे हात गेले. मणीनं पाच ठेवली, सदतीस उचलली. जाहिरात झाली, पंधरा दिवस उलटल्यावर लिलाव.

लिलावात बोली लावायची परवानगी अंबाबाईनं आधीच कोर्टाकडून घेतली होती. पैसे नव्हते, पण लागतही नव्हते: नवऱ्याकडून तिला येणं असलेल्या रकमेत किंमत वळती होते. कढई, घंगाळ, मोठे हंडे तिनं घेतले, बाकीची भांडी व्यापाऱ्यांनी. थकबाकी फिटली, खर्च फिटला. कल्याणराम सुटून आला तो थेट माझ्याकडे, हातात हिशेबाचा कागद.

"हे साडेसात कसले?"

"तुझं जेवण. भत्ता दाव्याच्या खर्चात धरतात. तुझ्याच भांड्यांतून वसूल झाला."

त्यानं साडेसातच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आंबट ताकाचे सुद्धा?"

दिवाळीच्या आधी चार दिवस खाणावळ सुरू झाली. पहिल्या पंगतीला कॉलेजची सोळा पोरं. घरी मीनाक्षीबाईनं मुलाला सांगितलं होतं की पाच भांड्यांत मी माझ्यापुरतं करीन, तू तुझं बघ. गुदामाजवळ दुसरी खाणावळ नाही. तिसऱ्या दिवशी कल्याणराम दारात उभा. आत त्याच्या बापाच्या कढईत वांगी रटरटत होती.

त्यानं महिन्याचा भाव विचारला. अंबाबाईनं मान वर केली नाही.

"बारा रुपये. पोटगीचे दहा वेगळे."

"महिनाअखेरीस देतो."

"आगाऊ," ती म्हणाली. "मी भरले तसे."

त्यानं कनवटीतून बारा काढून ठेवले. तिनं त्याला पान वाढलं, आणि ताकाचं भांडं त्याच्यापुढे ठेवताना सांगितलं की हे आंबट नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. साहेबाला अर्ज लिहायचा होता, पुन्हा तीसच्या जागेवर घ्या म्हणून.