मास्तरांचा अंगठा

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी दाढी करताना मास्तरांच्या उजव्या हातातून वस्तरा गळून पडला, आणि त्यानंतर तो हात त्यांचा राहिलाच नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितले आणि विचारलं, "घरी कोण असतं?" मास्तर म्हणाले, "सगळे असतात." घरी एक घड्याळ होतं आणि तेही मागे पडायचं.

लेक दूरच्या शहरात. तिला कळवायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. कळलं असतं तर ती धावत आली असती, मग नोकरीसाठी परत गेली असती आणि घरी पोचताच तिने नातीला बजावलं असतं, "आजोबांना आता त्रास देऊ नकोस." मास्तरांना नेमका तोच त्रास हवा होता. दर रविवारी दुपारी नात, म्हणजे त्यांची टिटवी, वहीच्या पानाचा फोटो पाठवायची. 'आजोबा, अडलंय.' आठवड्यात त्यांच्याशी माणसासारखं बोलणारं तेवढंच एक होतं.

पूर्वी ते कागदावर सुंदर अक्षरात पायऱ्या लिहून उलट फोटो धाडायचे. आता डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत नुसतं उत्तर टाइप करायचे. वर ऐट अशी, की पायऱ्या तुझ्या तू शोध, आयतं किती दिवस खाशील?

त्या रविवारीही फोटो आला. नेहमीसारखा तिरका, कोपऱ्यावर टिटवीचं बोट. पेन्सिलने काढलेली आकृती होती: जमिनीवर एकाच बिंदूतून निघालेले दोन सदिश, म्हणजे दिशा असलेले बाण, a उजवीकडे, लांबी चार, b मागच्या बाजूला तिरका, लांबी पाच, दोघांत साठ अंश. त्याच बिंदूतून c सरळ वर, लांबी तीन. a आणि b चा डॉट गुणाकार काढा. मग a क्रॉस b, म्हणजे दोघांना लंब असणारा सदिश, काढून त्याचा c शी डॉट, अधिक-वजा चिन्हासकट.

मास्तर खुलले. डॉट तर तोंडी: चार पंचे वीस, गुणिले साठ अंशाचा कोसाइन, दहा. क्रॉसची लांबी वीस गुणिले साइन, म्हणजे दहा रूट तीन. c जमिनीला लंब, त्यामुळे तिनाने गुणलं की तीस रूट तीन. राहिलं चिन्ह. निर्देशक दिले असते तर निश्चयक मांडून ते मिळालं असतं. इथे नुसती आकृती होती. क्रॉस वर जातो की खाली? वर तर अधिक, खाली तर वजा. चाळीस वर्षं वर्गात करत आले तेच त्यांनी केलं. हात उचलला, बोटं a च्या दिशेला धरली, b कडे वळवली आणि अंगठा पाहिला. अंगठा खाली.

'दहा. आणि वजा तीस रूट तीन,' त्यांनी पाठवलं. टिटवीने बदाम पाठवला. ती संध्याकाळ बरी गेली.

मंगळवारी लेकीचा फोन आला. मंगळवारी ती कधी करत नसे.

"बाबा, कार्टी वर्गात भांडून आलीये. सर म्हणाले, उत्तर अधिक आहे. ही म्हणते, माझे आजोबा चुकत नाहीत, पुस्तकच चुकलं असेल. सरांनी वर्गाबाहेर काढलं, तरी हिचा हेका सुटत नाही."

मास्तरांनी फोटो पुन्हा उघडला. a उजवीकडे, b मागे. वरून पाहिलं तर a पासून b कडे घड्याळाच्या उलट वळण. क्रॉस वर. सरळ वर! उजव्या हाताचा नियम, पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट. त्यांनी मांडीवर निपचित पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्याकडे, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुस्तकावर ढकलता आलं असतं. फोटो अंधुक होता, असंही म्हणता आलं असतं, आणि पुढच्या रविवारी नवा फोटो आला असता. पण पोरगी त्यांच्यापायी वर्गाबाहेर उभी राहिली होती.

"पुस्तक बरोबर आहे," ते म्हणाले. "तिला सांग, सरांची माफी माग. माझा हात चुकला."

लेकही त्यांच्याच वर्गात शिकलेली. त्याच बाकांवर बसून तिने शंभरदा तो हात वर जाताना पाहिला होता.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "अंगठा उलटा कधी येतो, ते तुम्हीच शिकवलंत. कुठला हात लावलात?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"डावा ना? तीन आठवडे तुमच्या अक्षरातलं पानही आलं नाही. उजव्याला काय झालंय?"

मास्तर, वर्गातल्या एखाद्या मुलाने घरचा अभ्यास केला नसल्याचं कबूल करावं तसं, म्हणाले, "उचलत नाही गं. पण रविवारचा फोटो बंद करू नका."