आजीच्या कमरेची डबी

मी एक जुनी पितळी डबी आहे, मित्रांनो. मला दोन बाजूंना दोन झाकणं आहेत. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला ओला चुना. कारागिराने मला घडवलं तेव्हा माझ्यावर वेलबुट्टी कोरली, चिंचेने घासून लख्ख केलं आणि फुंकर मारून म्हणाला, "काय देखणी झालीये!" देखणी! आज तो शब्द आठवला की माझं पितळ तापतं. ज्याच्या पोटात विष ठेवायचं त्याला नटवायचं कशाला? पण हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही आणि मला तोंडं दोन असली तरी बोलता येत नव्हतं.

मी आजीच्या कमरेला आले तेव्हा ती आजी नव्हती. कोवळी कामकरी पोर होती. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिचं काम होतं. खोल्याखोल्यांतून मळक्या चादरींची गाठोडी यायची. त्यांना रक्ताचा, औषधांचा आणि आणखी कशाकशाचा वास असायचा. ती गाठोडी सोडायची, चादरी डाग पाहून वेगळ्या करायच्या, वाफेच्या पिंपात ढकलायच्या. पहिल्याच दिवशी तिला ओकारी झाली. मुकादमबाईने तिला बाजूला घेतलं आणि तिच्या तळहातावर तंबाखूची चिमूट ठेवली.

"हे मळ आणि ओठात धर. वासही जातो आणि भूकही."

मित्रांनो, नीट ऐका, कारण माझा संताप इथूनच सुरू होतो. भूकही जाते! पोरींना जेवायला सुट्टी द्यायला नको, म्हणून त्या धुलाईखान्यात तंबाखू फुकट मिळायची. नाकावर बांधायला फडकं मात्र कुणी दिलं नाही. पुढे चांगलं काम केल्याचं बक्षीस म्हणून त्याच मुकादमबाईने मला आणलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझं काम कसं चालायचं तेही सांगते. डाव्या तळहातावर तंबाखू, तिच्यावर नखाएवढा चुना. उजव्या अंगठ्याने मळायचं, दोन थापट्या मारून धूळ उडवायची आणि चिमूट खालचा ओठ व हिरडी यांच्यामधल्या खोबणीत, डाव्या अंगाला, दाबून ठेवायची. लोकांना वाटतं चुना चवीसाठी असतो. छे! चुन्यामुळे तंबाखूतली नशा मोकळी होते आणि ओठाच्या आतल्या नाजूक कातडीतून सरळ रक्तात उतरते. वर तोच चुना ती कातडी भाजत राहतो. रोज तीच जागा, रोज तोच चटका. सकाळी देवापुढे हात जोडायच्या आधी आजीचा हात माझ्याकडे यायचा. ती मनाने भाविक. तिला स्वतःलाच ते खुपायचं. "देवा, आधी हिला भेटते आणि मग तुला, रागावू नकोस," असं ती पुटपुटायची.

वर्षं गेली. धुलाईखाना सुटला, मी सुटले नाही. तिचा मुलगा मोठा झाला, त्याला मुलगी झाली. हा मुलगा मोठा न्यायी! घरात पाहुणे असले की ओरडायचा, "आई, काय ही घाण सवय!" आणि तंबाखू संपून आजी चिडचिडी झाली की स्वतःच कोपऱ्यावरच्या टपरीवरून पुडी आणून द्यायचा. "घे बाई, पण घर डोक्यावर घेऊ नकोस." एकदा तर त्याने मला केराच्या टोपलीत फेकलं. आजीने मला सालपटांतून वेचून काढलं, पदराला पुसलं. शिव्या मी खायच्या! मी काय स्वतःहून भरते का?

नात मात्र वेगळी होती. आजी तिला चिमणी म्हणायची. चिमणी शाळेतून आली की आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची. अशीच एकदा पडल्या पडल्या वर बघत ती म्हणाली, "आजी, तुझ्या ओठाच्या आत पांढरं काय गं आहे? दुधाची साय चिकटलीये?"

आजीने जीभ फिरवली. "असू दे. दुखत नाही काही."

दुखत नाही! याच दोन शब्दांनी किती घरं फसली असतील. चिमणीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती फक्त म्हणाली, "माझी दाढ किडलीये. डॉक्टरकडे जायची मला भीती वाटते. तू येशील सोबत?" आणि दवाखान्यातल्या खुर्चीतून उतरल्यावर म्हणाली, "आता तू बस. मी बसले की नाही?"

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आजीचा ओठ खाली ओढला. कापसाच्या बोळ्याने तो पांढरा चट्टा पुसून पाहिला. पुसला गेला नाही. बोटाने चाचपला तर खरखरीत लागला. मग त्यांनी मानेच्या गाठी दाबून पाहिल्या.

"आजी, चिमूट नेमकी इथेच ठेवता ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"चट्टाच सांगतोय. आज हा कर्करोग नाही असं दिसतंय, पण तिकडे जाणारी वाट हीच आहे. तंबाखू पूर्ण बंद करा. तसं केलं की असे चट्टे पुष्कळदा विरतात. काही आठवड्यांनी पुन्हा बघू. विरला नाही तर तुकडा काढून तपासू. आणि सोडताना त्रास झाला तर या, मदतीला औषध असतं."

घरी आल्यावर आजी देवासमोर बसली. तिने चिमूट सोडल्याचा शब्द दिला. तिने आयुष्यात शब्द कधी मोडला नव्हता. चिमणीने मला रिकामं केलं, गरम पाण्याने धुतलं आणि माझ्या दोन्ही पोटांत बडीशेप भरली. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःचा वास आवडला.

चिमणीने एक गोष्ट हेरली होती. तल्लफ आली की आधी आजीचा डावा तळहात आपोआप उघडायचा. तो उघडला की चिमणी त्यात काहीतरी ठेवायची. कधी गुंतलेली लोकर, कधी सोलायचे मटार, काहीच नसलं तर स्वतःचा हात. "आजी, एवढं झालं की मग बघू." गुंता सुटेपर्यंत तल्लफेची लाट ओसरलेली असायची. आजी म्हणायची, "लबाड आहेस. या घरातली सगळी लोकर तूच गुंतवतेस!"

ठरल्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मुलगाही होता. डॉक्टरीणबाईंनी ओठ ओढून पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. चट्टा तसाच होता. डाव्या बाजूच्या हिरड्याही पांढुरक्या दिसत होत्या.

"आजी, खरंच बंद आहे ना?"

"शब्द दिलाय मी!"

मुलगा उसळला. "हिचा काय भरवसा? चोरून खात असणार." त्याने मला आजीच्या कमरेवरून हिसकावलं आणि सगळ्यांसमोर उघडलं. बडीशेप जमिनीवर सांडली. आजीने खाली वाकून एकेक दाणा वेचला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, ती फक्त मुलाकडे बघत राहिली. मित्रांनो, आयुष्यभर आत विष घेऊन फिरले तेव्हा कुणी माझी झडती घेतली नाही. निर्मळ झाले आणि चोर ठरले! आणि तीही.

डॉक्टरीणबाईंनी ओठ बधिर करून चट्ट्याचा बारीक तुकडा तपासायला काढला.

पुढच्या सकाळी चिमणी नेहमीपेक्षा लवकर उठली आणि मोरीच्या उंबऱ्यावर आजीशेजारी जाऊन बसली. आजी बोटाने दात घासत होती. बोट काळं होतं.

"आजी, हे कसलं मंजन गं?"

"मशेरी. दातांना बरी."

"कशाची करतात?"

"तव्यावर तंबाखू भाजायची, काळी झाली की कुटायची. माझ्या सासूची…" आजी बोलता बोलता थांबली. मग जोरात म्हणाली, "पण हे खाणं नव्हे! हे दात घासणं आहे."

"दिवसातून किती वेळा घासतेस?"

"सकाळी. दुपारी जेवल्यावर. संध्याकाळी. कधी झोप नाही आली तर…"

"आणि नाही घासले तर?"

"डोकं चढतं. हात थरथरतो."

चिमणी आजीच्या आणखी जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "आजी, मी कालपासून दात घासले नाहीत. माझं डोकं नाही चढलं."

आजीचं काळं बोट तोंडाजवळच थांबलं. तिने शब्द मोडला नव्हता, मित्रांनो. चिमूट तिने खरंच सोडली होती. पण तीच तंबाखू मशेरी होऊन हिरड्यांवर रगडली जात होती, बराच वेळ तोंडात मुरत होती. भाजल्याने तिचं विष जात नाही. तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या सासूने नाही, शेजारणींनी नाही, घरोघर मंजन म्हणून विकणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

आजी उठली. तिने इतक्या जोरात चूळ भरली की पाणी भिंतीवर उडालं. "दातांना बरी म्हणे! माझ्या देवासमोर मला खोटं पाडलं मेल्यांनी!" मशेरीचा डबा तिने स्वतःच्या हाताने मोरीत उपडा केला आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

मग मुलाला हाक मारली. "ये इकडे. काल मला चोर म्हणालास ना? ही मशेरी कोण आणून देत होतं?"

मुलगा मान खाली घालून उभा राहिला. "मीच, आई. मला वाटलं, मंजन आहे."

"मलाही तेच वाटलं होतं. पण मी तुझी झडती नाही घेतली."

तपासणीचा निकाल आला. कर्करोग नव्हता, पण पेशी बिघडायला सुरुवात झाली होती. पुढचे दिवस कठीण गेले. आजीचं पोट बिघडलं, डोकं ठणकलं, ती चिमणीवरही खेकसली. मग डॉक्टरीणबाईंनी दंडाला लावायची औषधी पट्टी दिली, तिची मात्रा हळूहळू कमी केली. आजीचा मुलगा टपरीच्या रस्त्याने यायचा बंद झाला. काही महिन्यांनी चट्टा विरळ झाला, मग पुसट. तरी दर काही महिन्यांनी तोंड दाखवायला जायचंच, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे आणि आजी जाते.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, पुसा, सांभाळा. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका. माझ्या वेलबुट्टीला भुलू नका. माझं पितळ वितळवून एखादा चमचा करा, मी आनंदाने वितळेन. जपायचं असेल तर तोंड जपा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी सकाळी जाऊन बसा, आणि ओरडण्याआधी विचारा, हे कशाचं आहे?

परवा शेजारची नवी सून गाल धरून आली. "आजी, दाढ ठणकतेय. चिमूटभर मशेरी द्या ना. तुमच्याकडे असतेच, सगळे म्हणतात."

आजी ताडकन उठली. मला वाटलं, आता हिला फटकारणार. पण आजीने तिच्या गालावर हात ठेवला.

"कोण सगळे? त्यांना नंतर बघते मी. तू आधी चप्पल घाल."

"कुठे जायचंय?"

"डॉक्टरीणबाईंकडे. भीती वाटते?"

"हो."

"मग मी बसते आधी खुर्चीत," आजी म्हणाली. मला कमरेवरून काढून खिडकीत ठेवून, त्या सुनेचा हात धरून ती जिना उतरली.