वीस लाखांत एकही पांढरा लांडगा नाही

लातूरला बार्शी रोडवर, ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर मोबाईलवरचे खेळ तयार करणारी एक लहान कंपनी आहे. माणसं चारच. तनुजाताई मालकीण. दिपाली खेळाची आखणी करते, सत्यम प्रोग्राम लिहितो आणि आनंदराज तयार झालेला खेळ खेळून त्यातल्या चुका शोधतो. खेळ बाजारात आणण्याचं काम हैदराबादची एक मोठी कंपनी करते.

त्यांचा नवा खेळ तीन आठवड्यांपूर्वी बाजारात आला होता. खेळणाऱ्यानं किल्ल्याचा दरवाजा राखायचा. रानातून जनावरं चालून येतात, त्यांना परतवायचं. लांडगा, तरस, रानडुक्कर, अस्वल आणि क्वचित कधी पांढरा लांडगा. पांढऱ्या लांडग्याला हरवलं तरच शेवटच्या दरवाजाची किल्ली मिळते.

मंगळवारी सकाळी तनुजाताईंनी हैदराबादहून आलेले आकडे टेबलावर ठेवले. आनंदराज तेवढा हजर नव्हता. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तो नांदेडला गेला होता.

"तीन आठवड्यांत वीस लाख जनावरं निघाली," ताई म्हणाल्या. "पांढरा लांडगा शंभरात एक. म्हणजे वीस हजार निघायला पाहिजे होते. किती निघाले असतील?"

"कमी निघाले का?" दिपालीनं विचारलं.

"एकही न्हाई."

"असं कसं होईल? तक्त्यात आहे की तो."

"तक्त्यात असून काय करायचं? लोक लिहून राहिले, ह्या दरवाजाला किल्लीच न्हाई, हे लोक फसवतात म्हणून." ताईंनी दुसरा कागद काढला. तो तपासणीचा होता. "आणि हे बघा. पांढरा लांडगा, पाहिला, ठीक. खाली आनंदराजचं नाव. जे जनावर वीस लाखांत निघालं न्हाई ते ह्याला बरं दिसलं."

सत्यम उठला. तो आपल्या जागेवर जाऊन बसला आणि त्यानं प्रोग्राम उघडला. चूक सापडायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत, कारण ती कुठं असणार हे त्याला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं.

जनावरं निघायची रीत साधी होती. दिपाली तक्ता भरायची. नेहमीचं जनावर वर, दुर्मीळ खाली. लांडग्याला पन्नास, तरसाला तीस, रानडुकराला पंधरा, अस्वलाला चार आणि पांढऱ्या लांडग्याला एक. प्रोग्राम वरून खाली बेरीज करत जायचा. पन्नास, ऐंशी, पंच्याण्णव, नव्याण्णव, शंभर. मग एकपासून शेवटच्या बेरजेपर्यंत कुठलाही एक आकडा काढायचा आणि तो ज्या जनावराच्या हद्दीत पडेल ते जनावर सोडायचं. चाळीस आला तर लांडगा. सत्त्याण्णव आला तर अस्वल. पांढऱ्या लांडग्याची हद्द एवढीशी, एकट्या शंभराची.

दिपाली आधी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होती. तिथं कुठलाही तक्ता खाली 'एकूण' लिहिल्याशिवाय पुरा होत नसे. तीच सवय इथं आली. पहिल्या तक्त्यात पांढऱ्या लांडग्याखाली तिनं 'एकूण, शंभर' अशी ओळ लिहिली होती, आणि प्रोग्रामनं 'एकूण' नावाचं सहावं जनावर समजून ते निम्म्या वेळा सोडायला घेतलं. त्याचं चित्रच नव्हतं, त्यामुळं खेळ बंद पडायचा. तेव्हा सगळे हसले होते. "दिपालीताईचं एकूण आलं, पळा," असं आनंदराज म्हणायचा. सत्यमनं प्रोग्राममध्ये एक सूचना घातली, की तक्त्याची शेवटची ओळ सोडून बाकीच्यांची बेरीज कर. दोन मिनिटांचं काम. कुणाला सांगितलं नाही, कुठं लिहून ठेवलं नाही.

पुढं ताईंनीच दिपालीला सांगितलं की बेरीज कॉम्प्युटर करतो, तू कशाला खाली लिहीत बसतेस. दिपालीनं ती ओळ काढली. सत्यमची सूचना मात्र राहिली. आता शेवटची ओळ पांढऱ्या लांडग्याची होती आणि प्रोग्राम तीच वगळत होता. बेरीज नव्याण्णववर थांबायची, आकडा एक ते नव्याण्णवमधलाच निघायचा, आणि शंभर कधी येणारच नव्हतं. खेळ बंद पडला नाही, कसली तक्रार केली नाही. चार जनावरं येत होती, कुणाला काही कमी वाटायचं कारण नव्हतं.

हे सापडलं, पण सत्यमचा जीव त्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. दीड महिन्यापूर्वी आनंदराज त्याच्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला होता.

"सत्यमभाऊ, सकाळपासून खेळून राहिलो. पांढरा येतच न्हाई."

"शंभरात एक हाय रे तो. तुझ्या नशिबात नसंल."

"लई खेळलो पण."

"मग खेळत बसू नको. ते बोलवायचं बटण हाय ना, ते दाब, लांडगा येईल. चाल बघ, लढाई बघ, किल्ली देतो का बघ आणि ठीक लिही."

आनंदराजनं तेच केलं. बटण जनावराला थेट बोलवायचं, तक्त्याला विचारायचंच नाही. लांडगा आला, लढला, हरला, किल्ली दिली. 'पाहिला, ठीक' हे खोटं नव्हतं.

सत्यमनं सूचना बदलली. आता फक्त 'एकूण' नाव असलेली ओळ सोडायची, बाकी सगळ्या धरायच्या. मग एक लाख वेळा आकडा काढून पाहिला. पांढरा लांडगा एक हजार तेरा वेळा निघाला. हिशेबाला धरून होतं.

तो ताईंकडे गेला. "सापडलं. बेरजेत शेवटची ओळ सुटत होती."

"दुरुस्त झालं?"

"हाव. संध्याकाळपर्यंत पाठवता येईल."

"बरं झालं." ताईंनी सुस्कारा सोडला. "पण मला सांग, हे तपासणाऱ्याच्या नजरेला यायला नको होतं का?"

बोलायचं होतं ते तिथंच बोलायचं होतं. सत्यमनं तोंड उघडलंही. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला, त्या फोनवर बोलत खिडकीकडे गेल्या, आणि तो अर्धा मिनिट उभा राहून परत आला. नंतर सांगू, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

बुधवारी दुरुस्ती लोकांच्या मोबाईलवर गेली. पांढरे लांडगे निघू लागले. गुरुवारी हैदराबादकरांनी लेखी विचारलं, असं पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय केलं. ताईंनी उत्तर लिहिलं आणि भाषा बघ म्हणून सत्यमला वाचायला दिलं. तपासणाऱ्यानं प्रत्यक्ष न पाहता शेरा मारला होता, त्याला कामावरून कमी केलं आहे, असं त्यात होतं. सत्यमनं एका ठिकाणची चुकलेली तारीख दाखवली आणि कागद परत दिला.

त्या दिवशी त्याला डबा गेला नाही. दिपालीनं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "पित्त."

शनिवारी सकाळी त्यानं नांदेडची बस धरली. आनंदराजचं घर माहीत होतं, एकदा जेवायला गेला होता. दारात आनंदराजची आई, महामायाबाई, काळा चष्मा लावून बाजेवर बसल्या होत्या.

"कोण हाय?"

"मी सत्यम. लातूरच्या ऑफिसातला."

"या. तुमचं लई नाव घेतो तो." त्यांनी बाजेवरची जागा हातानं चाचपून दाखवली. "त्याचं काम गेलं, ते कळलं असंल तुम्हाला."

"कळलं."

"मी अंगणवाडीत बत्तीस वर्षं सही केली. एकेक पोरगं मोजून मग सही. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या सहीवर लोकांचा डोळा जरा जास्तच असतो, म्हणून त्याला लहानपणापासून सांगितलं, बघितल्याशिवाय लिहायचं न्हाई. आता लोक म्हणतेत, न बघता लिहिलं."

आनंदराज पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. हसला नाही. समोर खाली बसला.

"बेरजेची चूक माझी होती," सत्यम म्हणाला. "शेवटची ओळ मीच सोडायला लावली होती."

"दिपालीताईच्या एकूणसाठी. मला वाटलंच होतं."

"आणि बटण दाब असं मीच म्हणलं."

"हाव."

"तू ताईंना सांगितलं का न्हाईस?"

आनंदराज आत गेला आणि एक वही घेऊन आला. पान उघडून त्यानं सत्यमच्या पुढं धरलं. तारीख होती, खाली रेघा मारून मोजलेली जनावरं होती. सहाशे चाळीस. पांढरा शून्य. त्याखाली लिहिलं होतं, सत्यमभाऊंना सांगितलं, बटणानं बघायला सांगितलं.

सत्यम त्या आकड्याकडे बघत राहिला. शंभरात एक निघणारं जनावर सहाशे चाळिसांत एकदाही निघू नये, हे असं सहाशे चाळिसांचं मोजणं सहाशे वेळा केलं तर कुठं एकदा घडावं. त्या दिवशी त्यानं किती खेळलास एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

"मंगळवारीच ताईंचा फोन आला," आनंदराज म्हणाला. "म्हणल्या, तू लांडगा बटणानं बघितलास का, तेवढंच सांग. म्हणलं हाव. फोन ठेवला त्यांनी. वही दाखवली असती तर तुमचं नाव निघालं असतं. म्हणलं, तुम्ही सांगालच की. तुम्ही तिथंच तर बसता. गुरुवारपर्यंत वाट बघितली."

 सत्यमनं खिशातून फोन काढला, आवाज मोठा केला आणि तिथंच बसून ताईंना सगळं सांगितलं. सूचना, बटण, वहीतला आकडा. 

"पत्र गेलं ना सत्यम."

"दुसरं पाठवा. माझ्या नावाचं."

"आणि ते म्हणले याला काढा, तर? मी प्रोग्राम लिहिणारा कुठून आणू? तुझ्याशिवाय कंपनी चालती का?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आनंदराजला मी दुसरीकडं कुठं लावून देते. ते पत्र राहू दे."

सत्यमनं वर पाहिलं. आनंदराजनं सगळं ऐकलं होतं.

"पत्र पाठवा ताई," सत्यम म्हणाला. "न्हाई तर सोमवारी मी येत न्हाई."

फोन बंद झाला. 

"तुम्हाला काढायचं तर विचार करावा लागतो त्यांना," आनंदराज म्हणाला. "माझ्या वेळी एक फोन पुरला."

"तू परत ये."

"आधी पत्र येऊ द्या."

मायलेकांनी चहा दिला. सत्यमनं तो घेतला, पण बसवेना. आनंदराज स्टँडपर्यंत आला नाही.

सोमवारी ताईंनी दुसरं पत्र लिहिलं. चूक प्रोग्रामची होती, तपासणाऱ्यानं ती वेळीच तोंडी सांगितली होती आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ती उडवून लावली, असं लिहून खाली सत्यमचं नाव घातलं. तपासणाऱ्याला परत घेतलं आहे, हेही लिहिलं.  हैदराबादहून एवढंच उत्तर आलं की सत्यमचं यापुढचं प्रत्येक काम दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पुढं पाठवू नये.

सत्यमनं पत्राची प्रत आनंदराजला पाठवली. दुपारपर्यंत उत्तर नव्हतं. चार वाजता मोबाईलवर दोन ओळी आल्या.

"पत्र मिळालं. आईला दोनदा वाचून दाखवलं. कामावर यायचं का, ते मी अजून ठरवलं न्हाई."