कोऱ्या तळ्यावरचे पक्षी

लग्नाचे फोटो काढण्यात आयुष्य गेलेला फोटोग्राफर शाईचित्रांच्या वर्गात दाखल झाला, तोही स्वतःच काढलेला तळ्याचा फोटो घेऊन. पहिल्या चित्रात त्याने एकूण एक झाड रंगवलं. ओल्या शाईवर पुन्हा पुन्हा कुंचला फिरवल्याने डोंगराचा पार चिखल झाला.

"डोळे किलकिले करून फोटो बघा," बाई म्हणाल्या. "जे उरेल तेवढंच काढा."

उरले डोंगर आणि होडी. त्याने कुंचला पाण्यात भिजवला, टोकाला दाट शाई घेतली आणि आडवा टेकवून एका दमात ओढला. काळ्यापासून करड्यापर्यंत डोंगर आपोआप उतरला. होडीला एकच गडद फटकारा, तळं म्हणजे नुसता कोरा कागद! स्वारी इतकी खूश झाली, की तळ्यावर एक पक्षी काढला. तो एकटा वाटला म्हणून दुसरा. मग थवाच.

बाईंनी कपाळाला हात लावला.

"जन्मभर फ्रेममध्ये सगळे नातेवाईक कोंबले हो बाई," तो ओशाळून म्हणाला. "रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात."

तिसऱ्या कागदावर होडी होताच त्याने कुंचला बाईंच्या हातात दिला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तळं कोरं राहिलं. वर्गात शेजारी बसणाऱ्या काकू बघायला आल्या, तेव्हा त्याने होडी दाखवलीच नाही, मोठ्या ऐटीत कोऱ्या तळ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे मी काढलं नाही!"