दगडाबाईची हरकत

गेल्या साली सभेतली शिवीगाळ कुणीतरी चोरून रेकॉर्ड केली आणि चौसाळा फाट्यावरच्या टपरीवर चहासोबत वाजवली. तेव्हापासून दूध संस्थेनं नियम केला. सभा उघडताच सचिव पंडित मोबाइल टेबलावर ठेवून वाचून दाखवायचा: रेकॉर्डिंग फक्त इतिवृत्त लिहिण्यासाठी, ते सचिवाच्या फोनमध्ये राहील, कुणाला पाठवलं जाणार नाही, पुढच्या सभेत इतिवृत्त मंजूर झालं की पुसलं जाईल. एकाचीही हरकत असली तर तिथंच बंद, तोवरचं पुसायचं आणि कारण इतिवृत्तात लिहायचं. मग एकेकाचं नाव घ्यायचं आणि ज्याचं त्यानं 'हरकत न्हाई' म्हणायचं.

फाल्गुनातल्या त्या दुपारी पंडितनं सवयीनं जुन्याच वहीतून नावं वाचली. सहा झाली आणि तो "दगडाबाई" म्हणाला. बाईला जाऊन दोन महिने झाले होते. पंडित ओशाळून सातव्या माणसाकडं वळला.

सभेचा विषयही तिचीच विहीर. टँकर चार दिवसांनी यायचा, आणि गावात पाणी टिकून होतं ते तिथंच. चेअरमन त्रिंबकअण्णांनी सांगितलं, बाईनं मरायच्या आधी विहीर संस्थेला द्यायला तोंडी होकार दिलता, तसा ठराव लिवा. तिचा मुलगा म्हाळू ऊसतोडीला कर्नाटकात. बाकीच्यांनी माना हलवल्या. बाई शेवटपर्यंत नाही म्हणत होती, हे पंडितनं कानांनी ऐकलेलं. पण ठरावाखाली सही त्याची लागणार होती, आणि न केली तर नोकरी जाणार होती.

मंडळी गेल्यावर तो फोन कानाला लावून लिहायला बसला. सहा जणांची हरकत नव्हती. मग त्याचाच आवाज: दगडाबाई. पंख्याची घरघर. आणि फोनला तोंड लावून बोलावं इतक्या जवळून:

"माजी हरकत हाय."

पंडितनं अण्णांना बोलावून घेतलं. अण्णांनी दोनदा ऐकलं. आवाज कुणाचा, हे विचारलं नाही.

"पुसून टाक बे."

"पुसतो की. पण कारण लिवावं लागतंय."

"लिव, एका सभासदाची हरकत."

"कोणाची, त्ये बी लिवावंच लागतंय, आन् लिवलं की बाई हजर दाखवावी लागती, अण्णा. हजर हाय, तर मेलेल्या बाईच्या होकाराचा ठराव कसा?"

"मग ऱ्हाऊ दे रेकॉर्डिंग."

"ऱ्हाऊ दिलं, तर तिची हरकत ऱ्हाती."

नियम अण्णांनीच केला होता, आणि तो करताना मेलेल्या सभासदाचा विचार कुणी मांडला नव्हता.

पंडितनं स्वच्छ अक्षरात लिहिलं: उपस्थित आठ. दगडाबाई यांच्या हरकतीमुळे रेकॉर्डिंग बंद करून पुसले. विहिरीबाबत मालकिणीचा नकार असल्याने ठराव नाही. मग फोनमधून आवाज पुसला आणि वही पुढं सरकवली.

अण्णांनी सही केली. त्याआधी खुर्ची जराशी बाजूला ओढून घेतली, शेजारी एक माणूस बसेल एवढी.